बिल्डर बुडाला, तर फ्लॅटवाला रांगेत कुठे?

परवा आमच्या पेपरच्या सहाव्या पानावर एक जाहीर नोटीस होती. मजकूर नेहमीचाच: अमुक बिल्डर कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू, येणं असलेल्यांनी अमुक तारखेपर्यंत दावे दाखल करावेत. दुपारी ओळखीचे एक निवृत्त गुरुजी तोच अंक घेऊन ऑफिसात आले. पुण्याजवळच्या त्या प्रोजेक्टमध्ये त्यांचे तीस लाख अडकलेत. म्हणाले, "अहो, बँका काय ते घेऊन जातील. आपण कोण? गिऱ्हाईक."

गुरुजी, २०१७ साली तुमचं म्हणणं बरोबर होतं. आज नाही. मधे काय झालं ते सांगतो.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत धनको, म्हणजे ज्याचे पैसे येणं आहेत तो, मुख्यतः दोन प्रकारचा. कर्ज देणारा तो वित्तीय धनको. माल किंवा सेवा पुरवणारा तो दुसरा. कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवते धनकोंची समिती, आणि तिथे मत असतं वित्तीय धनकोंना. फ्लॅट बुक करणारा या दोन्हींत कुठे धड बसत नव्हता.

९ ऑगस्ट २०१७ ला हे उघडं पडलं. आयडीबीआय बँकेच्या अर्जावरून अलाहाबादच्या कंपनी लवादाने जेपी इन्फ्राटेकवर प्रक्रिया सुरू केली. बँकेची थकबाकी सुमारे ५२६ कोटींची. पण नोएडात याच कंपनीच्या घरांसाठी वीस हजारांहून जास्त कुटुंबांनी पैसे भरलेले. त्यांच्यासाठी आठवडाभरात घाईघाईने 'इतर धनको' असा नवा फॉर्म निघाला. फॉर्म भरा, पण मत नाही! लोक सुप्रीम कोर्टात गेले. चित्रा शर्मा खटला तो हाच.

६ जून २०१८ च्या अध्यादेशाने गाठ सुटली. तर्क साधा होता: बिल्डर तुमच्या हप्त्यांवर इमारत उभी करतो, म्हणजे तो तुमच्याकडून कर्जच घेतो. म्हणून फ्लॅटधारक वित्तीय धनको. बिल्डर याविरुद्ध कोर्टात गेले. ९ ऑगस्ट २०१९ ला पायोनियर अर्बन खटल्यात सुप्रीम कोर्टाने तरतूद कायम ठेवली.

पण मत मिळालं तरी खरी अडचण पुढेच होती. हजारो लोक समितीत बसणार कसे? म्हणून सगळ्यांचा मिळून एक अधिकृत प्रतिनिधी. तो सुरुवातीला प्रत्येकाचं मत वेगळं मोजून टाकायचा. जेपीत फ्लॅटवाल्यांचा वाटा निम्म्याहून जास्त, आणि योजना मंजूर व्हायला लागतात ६६ टक्के. ज्यांनी मतच दिलं नाही, त्यांचा वाटा 'हो'च्या बाजूला येईना. कुणी परदेशात, कुणाचा ईमेल बदललेला, आणि त्यांच्या गप्प बसण्यानेच योजना अडायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये कायदा बदलला. आता मत देणाऱ्यांचा निम्म्याहून जास्त वाटा जिकडे, तिकडे सगळ्या गटाचं मत जातं. सोपं करून सांगतो. शंभर जणांचे सारखेच पैसे आहेत. साठ जणांनी मत दिलं, त्यातले एकतीस 'हो' म्हणाले, तर शंभरच्या शंभर वाटा 'हो'. याची दुसरी बाजूही आहे. हरलेल्या एकोणतीस जणांना नंतर एकेकट्याने योजनेला आव्हान देता येत नाही. जेपीच्याच खटल्यात मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलं.

त्याच सुमारास दारही अरुंद झालं. डिसेंबर २०१९ पासून बिल्डरला दिवाळखोरीत ओढायचं, तर त्याच प्रोजेक्टचे किमान शंभर किंवा दहा टक्के फ्लॅटधारक, यांपैकी जो आकडा कमी तेवढे, एकत्र लागतात.

आणि एक गैरसमज नको. वित्तीय धनको झालो म्हणजे बँकेच्या बरोबरीने बसलो असं नाही. बँकेकडे तारण असतं, फ्लॅटवाल्याकडे सहसा नसतं. कंपनी मोडीत निघाली, तर तारणवाल्या बँका आणि कामगार आधी, आपण नंतर. प्रक्रिया चालू असताना रेराचा वसुलीचा आदेशही थांबतो. म्हणून आपली खरी ताकद योजनेवरच्या मतात आहे. मोडीत निघाल्यावर फार काही उरत नाही. जेपीत सुरक्षा समूहाच्या योजनेला लवादाची मंजुरी मिळाली ७ मार्च २०२३ ला. साडेपाच वर्षं गेली, पण घरं बांधायची योजना टिकली.

गुरुजींना फॉर्म सीए भरायला बसवलं. करारनामा, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जोडलं. करारात वेगळा दर नसेल, तर मताचा वाटा मोजताना आठ टक्के व्याज धरतात, तेही सांगितलं. त्याच फॉर्मात तीन नावांतून प्रतिनिधी निवडायचा असतो. ती चौकट त्यांनी मोकळीच सोडली होती.

तिथे खूण करायला लावली, मगच चहा मागवला.