रंगाखालचं पितळ

आपल्या अ विंगच्या प्रवेशदाराला दोन पितळी मुठी आहेत. त्या मुळात आपल्या इमारतीसाठी घडवलेल्या नाहीत. सोसायटी उभी राहिली तेव्हा एका संस्थापक सभासदांचा साताऱ्यातला, शनिवार पेठेतला वाडा नुकताच पाडला होता. त्यांनी दाराचं एक खोड आणि ही जोडी सांगलीला आणली आणि हौसेनं आपल्या दाराला बसवली. बहुतेक सभासदांना मात्र त्या पितळी आहेत हेच माहीत नव्हतं. गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा इमारतीला रंग लागला आणि दोन्ही वेळा रंगाऱ्यानं दाराबरोबर मुठींवरूनही चॉकलेटी ब्रश फिरवला. त्याआधी वाड्यात काय काय झालं होतं, ते रंग काढताना कळलं. रौप्यमहोत्सवाच्या तयारीत हे काम माझ्याकडे आलं, कारण माझी उभी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली.

आधी इतिहास वाचायचा आणि मग तो पुसायचा, असा क्रम मी ठेवला. मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला. मध्यभागी जास्त आणि कडेला कमी घासलं की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. भिंगातून पाहिलं तर सर्वांत बाहेर चॉकलेटी, मग क्रीम, मग करडा, त्याखाली चांगला जाड पोपटी आणि सर्वांत आत काचेसारखा तपकिरी थर, त्याखाली पितळ. पोपटी रंग पाहून ते सभासद लगेच म्हणाले, "हा आमच्या आत्याच्या लग्नातला!" लग्नकार्य निघालं की वाड्याला रंग, आणि मुठी उकलून काढायचा कंटाळा, म्हणून त्यांच्यावरूनही तोच ब्रश. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पितळेची कथा हीच आहे.

तपकिरी थराची गोष्ट जरा वेगळी आहे. तो रंग नव्हता, पॉलिश होतं. पितळ उघडं राहिलं की काळवंडतं. ते चिंच आणि राखेनं घासायचं काम घरातल्या बायकांच्या वाट्याला यायचं. त्यापासून सुटका म्हणून वर पारदर्शक थर द्यायची पद्धत आली. तो थर कशाचा आहे, हे ओळखायला कापसाचा बोळा पुरतो. स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून ठेवायचा. थर चिकट झाला तर ती लाख, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुनं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं सुटला, तर ते कारखान्यातलं नंतरच्या काळातलं लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर अलीकडचं कडक कोटिंग समजावं. त्याला बाजारातलं पेंट रिमूव्हर लागतं आणि तेही उघड्या गच्चीत, हातमोजे घालूनच. आमचा बोळा स्पिरिटनंच चिकटला. लाख निघाली.

आता काढण्याविषयी. रंग वाळलेला असताना पॉलिशपेपरनं घासून किंवा ब्लोलँपनं जाळून काढू नका, हे मी पोटतिडकीनं सांगतो. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या हातातून पोटात जाते आणि मेंदूवर परिणाम करते. आणि दाराची मूठ ही तर मुलांच्या हाताच्या उंचीवरचीच वस्तू.

म्हणून काम ओल्यानंच केलं. मुठीच्या कडेनं ब्लेडची रेघ मारून दाराचा रंग सोडवला, म्हणजे लाकडाचा टवका निघत नाही. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला होता, तो सुईनं कोरून काढला, मग खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस लावला. पितळी स्क्रू मऊ असतो, पेचकस घसरला की खाच गेलीच. मग लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही, म्हणजे भरीव पितळ. चिकटला असता तर लोखंडावर पितळेचा नुसता मुलामा आहे असं समजून थांबलो असतो, कारण घासताना मुलामाही जातो.

स्टीलच्या जुन्या पातेल्यात मुठी बुडतील इतकं पाणी आणि लिटरमागे दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घातला. अॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, सोडा ते खातो. आणि हे पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. उकळी न फोडता मंद आचेवर तासभर ठेवलं. पितळ गुळगुळीत असल्यामुळे रंगाची पकड मुळातच कच्ची असते. उष्णता आणि सोडा मिळून ती सोडवतात. चारही थर एकदम, अंड्याच्या टरफलासारखे सुटले. लाखही बहुतेक निघाली. नक्षीच्या खाचांत उरली ती स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं काढली. टरफलं ओलीच कागदात गुंडाळून पिशवीत बंद केली, पाणी बागेत टाकलं नाही.

खाली निघालं ते चकचकीत नव्हतं, तपकिरी-काळं होतं. त्यावर चिंच आणि मीठ, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर पाणी आणि लगेच कोरडं. ब विंगच्या एका काकूंनी घरची कडी रात्रभर चिंचेत ठेवली, ती सकाळी गुलाबी निघाली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबं मागे उरतं. पितांबरीनं बराच वेळ घासल्यावर रंग पुन्हा पिवळा झाला.

मूठ उलटी केली आणि मला या सगळ्या खटाटोपाचं मोल मिळालं. मागे वाळूच्या साच्याची दाणेदार खूण, कानसीचे ओरखडे आणि छिन्नीनं कोरलेला आकडा: ३. दुसऱ्या मुठीवरही ३. म्हणजे ही जोडी वाड्याच्या तिसऱ्या दारासाठी बसवून पाहिलेली, आणि मराठी आकडा कोरणाऱ्या इथल्याच कारागिराची. सोबतच्या कुलपाचा दर्शनी पत्रा स्वच्छ केला तर त्यावर 'मेड इन इंग्लंड'. एकाच दारावर मूठ गावची आणि कुलूप परदेशचं. आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचं काम सुरू केलं ते १८९७ साली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं विलायती कुलपं दाराला लागत होती. कुलूप मात्र मी पातेल्यात टाकलं नाही. पत्रा पितळी असला तरी आतल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या पोलादी असतात, त्या गंजतात. फक्त पत्रा सोडवून घेतला.

आता वर पुन्हा लॅकर मारायचं का, यावर समितीत वाद झाला. मी विरोधात होतो. १९८३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात फिलिस कून यांनी दारांच्या मुठी तपासल्या होत्या. पितळेवरचे जंतू काही तासांत मरत होते, स्टेनलेस स्टीलवरचे टिकत होते. पण हे उघड्या धातूचं काम आहे. वर लॅकरचा थर असला की हात पितळेला लागतच नाही. शेवटी मुठी उघड्याच ठेवायच्या आणि पावसाळ्यापुरतं नक्षीच्या भागाला मेणाचं बोट फिरवायचं, असं ठरलं.

सध्या मुठीचा जिथे हात पडतो तेवढा भाग सोन्यासारखा आहे आणि बाकीचा हळूहळू गडद होतो आहे. क विंगच्या मागच्या दाराची कडी तशीच रंगाखाली ठेवली आहे. तिला लोहचुंबक चिकटतो.