लिंक उघडू नये, हा नियम आणि त्याचा एक अपवाद

सायबर सुरक्षेवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, एक वाक्य हमखास येतं: मेलमधल्या कुठल्याही लिंकवर बोट ठेवू नका. बँकांचे संदेश आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सूचनाही हेच सांगतात. याच्या जोडीला दुसरी एक समजूत रूढ झाली आहे. चोराने खात्याचा ईमेल बदलला की खातं संपलं, आता नवं उघडायचं आणि ‘माझं जुनं अकाउंट हॅक झालंय, कुणी पैसे पाठवू नका’ असं सगळ्यांना कळवायचं. दोन्ही समजुती सद्हेतूने पसरल्या आहेत. पण दोन्ही एकत्र आल्या की जे खातं परत मिळू शकलं असतं तेही हातचं जातं. कारण चोराने पत्ता बदलल्याक्षणी जुन्या पत्त्यावर एक मेल येतो, आणि त्या मेलमध्ये तो बदल उलटवणारी लिंक असते. लोक पहिल्या नियमाला स्मरून ती उघडत नाहीत आणि दुसऱ्या समजुतीला स्मरून पुढे शोधतही नाहीत.

इन्स्टाग्रामचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे घरगुती व्यवसाय करणाऱ्यांना तिथे मोठा फटका बसतो. इचलकरंजीत घरून साड्या विकणारी एक बाई धरा. तिला ओळखीच्या मैत्रिणीच्या खात्यावरून संदेश येतो: ‘एका स्पर्धेत उतरलेय, मत दे. तुझ्या फोनवर लिंक येईल, तिचा फक्त स्क्रीनशॉट पाठव.’ मैत्रिणीचं खातं आधीच चोराच्या ताब्यात आहे, आणि आलेली लिंक मताची नसून या बाईच्या स्वतःच्या खात्यात शिरण्याची आहे. स्क्रीनशॉट गेला की चोर त्यातला पत्ता आपल्याकडे टाईप करतो आणि आत येतो. मग तो झपाट्याने कामाला लागतो. ईमेल आणि फोन नंबर बदलतो, पासवर्ड नवा ठेवतो, टू-फॅक्टर स्वतःच्या ऑथेंटिकेटर ॲपवर लावतो. थोड्याच वेळात बाई ॲपमधून बाहेर फेकली जाते आणि तिच्या ग्राहकांना तिच्याच नावाने क्रिप्टोतल्या कमाईचे किस्से जाऊ लागतात.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट चोराच्या हाती नसते. ईमेल बदलल्याची सूचना security@mail.instagram.com वरून बाईच्या जुन्या पत्त्यावर जाते, आणि तिच्यात ‘हा बदल तुम्ही केला नसेल तर खातं सुरक्षित करा’ अशा अर्थाची लिंक असते. ही सूचना थांबवण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्ये नाही. चोर आत बसून काहीही बदलू शकतो, पण सुटून गेलेला मेल त्याला परत बोलावता येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती माहीत नसल्याने लोक उगाच थांबून राहतात. सराईत चोर पत्ता एकदा बदलून थांबत नाही. जुन्याच्या जागी ‘ख’, मग ‘ख’च्या जागी ‘ग’ असं करतो. दुसऱ्या बदलाची सूचना ‘ख’कडे जाते, म्हणजे चोराकडेच. बाईच्या पेटीत पडतो तो फक्त पहिल्या बदलाचा मेल. ‘आणखी काही येतंय का पाहू’ म्हणत बसलात तर दुसरा येणारच नाही, आणि पहिल्यातल्या लिंकची मुदत मात्र सरत राहते. चौकशीचे फोन नंतर करावेत, आधी तो मेल शोधावा.

आता पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप. फसवे मेल नेमक्या याच मेलची नक्कल करतात: ‘तुमचा ईमेल बदलला गेला आहे, ताबडतोब इथे दाबा.’ मग खरा कुठला हे बाईने ओळखायचं कसं? आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये गेल्या 14 दिवसांत कंपनीने पाठवलेल्या सुरक्षाविषयक मेलची यादी दिसते, आणि तज्ज्ञ तिचाच हवाला देतात. पण ती यादी खात्याच्या आत आहे, आणि आपली बाई बाहेर. म्हणजे अगदी गरजेच्या वेळी हा उपाय बहुधा हाताशी नसतो.

तरीही परीक्षा करता येते, आणि तिची सुरुवात मेलपासून करूच नये. आधी स्वतः ॲप उघडून लॉगिन करून पाहावं. नेहमीचा पासवर्ड चालला तर मेल खोटा असण्याची शक्यता मोठी. मग लिंककडे न जाता ॲपमधूनच पासवर्ड बदलावा. पासवर्ड चालला नाही तर ‘पासवर्ड विसरलो’मध्ये जाऊन आपलं युजरनेम टाकावं. तिथे p*7@gmail.com असा अर्धवट झाकलेला पत्ता दिसला आणि तो आपला नसला, तर चोरी झाली हे मेलच्या साक्षीशिवाय सिद्ध झालं. अशा वेळी, त्याच तासात जुन्या पत्त्यावर येऊन पडलेला मेल खरा असण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी जास्त असते. मग मेलची ओळख पटवायची. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा बाण दाबला की signed-by समोर कुठलं डोमेन आहे ते दिसतं. संगणकावर ‘Show original’ उघडलं की SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे PASS आहे का तेही कळतं. पाठवणाऱ्याचं नाव कुणालाही लिहिता येतं, डोमेनची ही सही करता येत नाही. PASS मात्र ज्या डोमेनपुढे आहे ते डोमेन खरं हवं, हे विसरू नये. चोराच्या स्वतःच्या डोमेनलाही PASS मिळतो. शेवटी लिंक दाबून धरून पत्ता वाचावा. https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी instagram.com संपत असेल, आणि instagram च्या लगेच आधी टिंब किंवा https:// च असेल, तर ठीक. instagram.com नंतर टिंब देऊन आणखी काही शेपूट असेल तर ते पान दुसऱ्याचं. आणि उघडलेलं पान जुना पासवर्ड किंवा ओटीपी विचारू लागलं तर बंद करावं. बदल उलटवणाऱ्या पानाला तुमच्याकडून नवा पासवर्ड हवा असतो, जुन्याशी त्याला कर्तव्य नसतं.

हे सगळं एकदा शिकायला पंधरा मिनिटं लागतात. ‘कुठलीही लिंक नको’ हा नियम ही पंधरा मिनिटं वाचवतो आणि त्याची किंमत खात्याने वसूल करतो.

दुसरा आक्षेप असा की चोराकडे मेलपेटीही असेल तर काय? तो सूचना वाचण्याआधीच उडवेल. हेही घडलेलं आहे. 3 ऑगस्ट 2012 रोजी ‘वायर्ड’ मासिकाचे लेखक मॅट होनन यांची खाती एकाच दुपारी लागोपाठ गेली. चोरांनी ॲपलच्या मदतकेंद्राला फसवून त्यांची me.com ची पेटी मिळवली आणि तिच्या आधारे गूगल खातं घेतलं. पासवर्ड बदलल्याचे मेल होनन यांना आले होते. पहिला आला तो चोरांनी लगेच कचऱ्यात टाकला, आणि ती पेटी होनन एरवीही फारशी उघडत नसत. या प्रकरणाचा दाखला देऊन कुणी म्हणेल की सूचनेचा उपयोग शून्य.

मला त्यातून उलटं दिसतं. सूचना वेळेवर आली होती; नडली ती पेटी, कारण ती राखलेली नव्हती. शिवाय कचऱ्यात टाकलेला मेल लगेच नाहीसा होत नाही. जीमेलमध्ये तो 30 दिवस तिथे राहतो, अर्थात चोराने कचराही रिकामा केला नसेल तर. म्हणून इनबॉक्स नुसता वरवर चाळून ‘काही आलंच नाही’ म्हणणं चूक. शोधपट्टीत हे टाकावं:

```
in:anywhere from:security@mail.instagram.com
```

इथे in:anywhere लिहिल्याने स्पॅम आणि कचरा दोन्ही धुंडाळले जातात. स्पॅमवर तर खास नजर हवी. काही चोर त्याच वेळी शेकडो वृत्तपत्रिकांसाठी तुमच्या पत्त्याची नोंदणी करून टाकतात, म्हणजे कामाचा एक मेल त्या पुरात बुडावा. मेल कचऱ्यात सापडला आणि तो तुम्ही टाकलेला नसला, तर पेटीतही कुणीतरी आहे. मग क्रम बदलतो: आधी मेलचा पासवर्ड, अनोळखी उपकरणं बाहेर काढणं, आणि सेटिंगमधले फिल्टर व फॉरवर्डिंग तपासणं. इन्स्टाग्रामचे मेल परस्पर उडवणारा फिल्टर तिथे सापडू शकतो, आणि तो राहिला तर पासवर्ड बदलूनही चोर तुमच्या सूचना गिळत राहील.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि त्यात जास्त तथ्य आहे. जुन्या पत्त्याला बदल उलटवण्याचा अधिकार देणं हेच धोक्याचं, असं ते म्हणतात. नोकरी सोडलेल्या माणसाचा ऑफिसचा मेल किंवा घटस्फोटानंतर जोडीदाराच्या हाती राहिलेली पेटी यांच्याकडून प्रामाणिक बदलही उलटवला जाऊ शकतो. धोका आहे, पण तो तोलून पाहावा. तो पत्ता काल खात्यावर होता तेव्हा त्याच्या मालकाला पासवर्ड रीसेट करता येतच होता. लिंकमुळे त्याला नवा अधिकार मिळत नाही, जुनाच थोडा लांबतो. प्रश्न फक्त किती दिवस एवढाच. गूगलने याचं उत्तर वेगळ्या रीतीने दिलं आहे. रिकव्हरीचा पत्ता किंवा फोन बदलल्यावरही 7 दिवसांपर्यंत पडताळणीचा कोड जुन्या ठिकाणी मागवण्याचा पर्याय गूगल देऊ शकतं. तिथे मेलमधली लिंक दाबण्याचीही गरज नाही, स्वतः g.co/recover वर जायचं, शक्यतो नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून. लिंकची ज्यांना धास्ती आहे त्यांना ही रीत रुचेल. पण आठ दिवस ‘बघू’ म्हणत काढले तर दोन्ही रीती सारख्याच निरुपयोगी.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य करतो: लिंक दाबली की झालं, असं नाही. आपल्या साडीवालीचा पत्ता परत बसला, नवा पासवर्ड ठेवला, आणि पुढच्याच पडद्यावर चोराच्या ऑथेंटिकेटरचा कोड मागितला जाऊ शकतो. इथे बरेच जण हात टेकतात. दुसरा मार्ग निवडून मदत मागता येते. खात्यावर स्वतःचे फोटो असतील तर चेहरा डावी-उजवीकडे फिरवणारा व्हिडिओ सेल्फी घेऊन ओळख पटवली जाते. फक्त साड्यांचे फोटो असलेल्या खात्याला ही वाट अवघड जाते, म्हणून तिथे पहिल्या मेलचं मोल आणखी वाढतं. लिंकची मुदत सरली असेल तर instagram.com/hacked वरून हाच प्रवास सुरू करायचा, पण तेव्हा पत्ता चोराचा असल्याने सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर जास्त. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार जरूर करावी आणि पैसे गेले असतील तर 1930 ला फोन करायला उशीर लावू नये. पण तक्रारीचा क्रमांक मिळाला म्हणून लिंकची मुदत थांबत नाही.

आत शिरल्यावर चोराचा फोन नंबर, त्याचं ऑथेंटिकेटर ॲप आणि अकाउंट्स सेंटरमध्ये त्याने जोडलेलं परकं फेसबुक खातं काढावं, सगळीकडून लॉगआउट करावं आणि बॅकअप कोड नव्याने घ्यावेत. यातला जोडलेल्या खात्याचा मुद्दा सर्रास राहून जातो, आणि चोर काही दिवसांनी त्याच मार्गाने परत येऊ शकतो.

ज्यांचं खातं अजून शाबूत आहे त्यांनी आज पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. कॉलेजात असताना रेडिफमेल किंवा याहूवर काढलेल्या पत्त्याने फेसबुक उघडलेले खूप जण आहेत. त्या पेटीचा पासवर्डही आता आठवत नाही. फेसबुकही पत्ता बदलल्यावर उलटवण्याची लिंक जुन्या पत्त्यावरच पाठवतं. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या मागणीदारांना दिले होते. ज्या पेटीत तुम्ही जाऊ शकत नाही, तिच्यात ही लिंक येऊन पडली तरी ती तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, आणि पत्ता दुसऱ्याला गेला असेल तर ती त्याच्या हाती पडेल.