फिरत्या गोळ्यांचा लगाम

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वीज गेली की डिझेल जनित्रे धडधडू लागतात. दिवे लागतात, पण एखाद्या जुन्या जनित्रावर ते एका लयीत उजळतात नि मंदावतात, आणि इंजिनाचा आवाजही त्याच तालावर चढतो-उतरतो. मिस्त्री म्हणतो, "गव्हर्नर हंटिंग करतोय." या साध्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

पवनचक्कीत आधीपासूनच वापरात असलेली युक्ती जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावली. फिरत्या उभ्या दांड्याला दोन बाजूंनी दोन गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात, वर चढतात आणि वाफेची झडप थोडी मिटतात. वेग घटला की खाली येऊन ती उघडतात. दांडा मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर गोळे टांगणीपासून सुमारे २५ सेंटिमीटर खाली राहतात. एकच फेरा वाढला, तर ते सुमारे ८ मिलिमीटर वर येतात. मात्र ३०० फेऱ्यांना ते अंतर जेमतेम एक सेंटिमीटर उरते, आणि आणखी फेरा वाढला तरी गोळे हललेले कळतही नाहीत. म्हणून वेगवान इंजिनांसाठी पुढे गोळ्यांवर वजन किंवा स्प्रिंग आली.

इथे माणसाला मोह होतो, की नियामक जितका संवेदनशील तितका चांगला! पण तसे नाही. कारखान्यातले एखादे मोठे यंत्र बंद पडले की इंजिनावरचा भार उतरतो आणि वेग वाढतो. अतिसंवेदनशील नियामक तेवढ्याने डिझेल एकदम तोडतो. परंतु जड चक्राचा वेग लगेच उतरत नाही. तो उतरेपर्यंत डिझेल गरजेपेक्षा कमी झालेले असते. मग वेग फार पडतो, नियामक घाईने डिझेल सोडतो, आणि वेग पुन्हा मर्यादेबाहेर जातो. उतावळ्या गाडीवानाने लगाम सारखा ओढावा नि सोडावा, तशी ही गत! सांध्यांत घर्षण असले, तर नियामक उशिरा हलतो आणि हेलकावे वाढतात.

या हेलकाव्यांचे गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. कोणते हेलकावे आपोआप विरतील आणि कोणते वाढत जातील, हे त्याने दाखवून दिले.

म्हणूनच जाणता कारागीर वेगात थोडा उतार मुद्दाम ठेवतो. रिकाम्या जनित्राला मिनिटाला १५६० फेरे आणि पूर्ण भाराला १५०० दिले, तर विजेची आवर्तने ५२ वरून ५० वर येतात. प्रत्येक भाराला आपला असा एकच वेग मिळतो आणि गोळे तिथे स्थिरावतात. सर्व भारांना नेमका एकच वेग हवा असा हट्ट धरला, तर गोळ्यांना थांबायला ठिकाणच उरत नाही.

हंटिंग दिसले, की मिस्त्री आधी डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का ते पाहतो, मग सांधे अडकतात का ते तपासतो, आणि त्यानंतरच स्प्रिंगला हात लावतो. आताच्या नव्या जनित्रांत गोळ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियामकाने घेतली आहे. पण त्याचीही संवेदनशीलता फार चढवली, की दिवे पुन्हा तसेच हेलकावू लागतात.