कथेसोबतचे पत्र : बिदर-गुलबर्गा भागातील एका लेखनप्रकाराचा इतिहास

वाङ्मयेतिहासात कथेची नोंद होते. कथेबरोबर संपादकाकडे गेलेल्या पत्राची होत नाही. वास्तविक बिदर व गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) या जिल्ह्यांतील मराठी लेखकाची स्थिती त्या चार ओळींत जितकी स्पष्ट उमटते, तितकी अन्यत्र क्वचितच उमटत असेल.

या भागातील लेखकापुढे पत्राचे दोन साचे होते. पहिला घरचा, म्हणजे मोडी पत्रव्यवहारातून आलेला मायना : आरंभी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', अखेरीस 'लोभ असावा'. दुसरा कचेरीचा. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच राहिले. त्यामुळे शिकलेल्या मराठी माणसाच्या हाताला अर्जीचे वळण लागले. अर्जीत आधी स्वतःची दैन्यावस्था, मग समोरच्याचे औदार्य आणि शेवटी मागणी, असा क्रम असे. हे दोन्ही साचे कथेसोबतच्या पत्रात एकत्र आले म्हणजे काय होई, ते पाहण्यासाठी नमुन्यादाखल आम्हीच रचलेला एक मजकूर पुढे देतो. काळ १९५८ चा कल्पिला आहे.

"संपादकमहाशयांचे सेवेशी कृतानेक सा. न. वि. वि. आपल्या लोकप्रिय मासिकाचा मी जुना वाचक आहे. सरहद्दीवरील या मुलखात मराठीस कोणी वाली उरला नाही. माझे शिक्षण उर्दूत झाल्याने भाषेतील दोष पोटात घालावेत. 'वेस' या कथेत दोन भावांच्या वाटणीचे हृदयद्रावक चित्र रेखाटले आहे. ती छापून या गरिबास उत्तेजन द्यावे."

आता संपादकाच्या मेजाजवळ उभे राहून हे पत्र वाचावे. प्रत्येक वाक्यास एकच प्रश्न विचारावा : हे वाक्य गाळले, तर संपादकाच्या कृतीत काही फरक पडेल काय? वाचकपणाची स्तुती गाळली तरी पडत नाही. कथेचा सारांश तर अपायच करतो, कारण संपादक मग कथा न वाचता तिच्यात 'हृदयद्रावक' काय आहे ते शोधू लागतो. भाषेविषयीची क्षमायाचना त्याहून घातक होय. ती मुद्रितशोधकास लेखकाची बोली 'सुधारण्याचा' परवानाच देते. उलट ज्या गोष्टी संपादकास हव्यात, त्या पत्रात नाहीतच : कथा पूर्वी प्रसिद्ध झाली आहे काय, ती किती पानांची आहे, नाकारल्यास कोठे परत धाडावी.

राहिले सरहद्दीविषयीचे वाक्य. ते काढताना मन अडखळते, कारण ते खोटे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद व खुद्द बिदर म्हैसूर राज्यात राहिले. परंतु ही व्यथा पत्रात मांडली, की कथा कथा म्हणून न वाचली जाता कणव म्हणून वाचली जाते. व्यथेचे स्थान कथेत आहे. संक्षेपानंतर तेच पत्र असे होते :

"संपादक यांस, स. न. वि. वि. सोबत 'वेस' ही कथा पाठवीत आहे. कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेली नऊ पाने आहेत. कथा अप्रकाशित असून अन्यत्र विचारार्थ पाठविलेली नाही. संवादांत भालकीकडील बोली हेतुपुरस्सर ठेवली आहे. कृपया ती बदलू नये. नापसंत झाल्यास परतीसाठी तिकिटे लावलेले पाकीट जोडले आहे. आपला," आणि खाली नाव व संपूर्ण पत्ता.

येथे संक्षेपाची मर्यादाही दिसते. बोलीविषयीचे वाक्य पुण्याच्या लेखकास कदाचित अनावश्यक वाटेल. येथील लेखकास ते आवश्यक आहे. कानडी व दखनी यांच्या शेजाराने आलेले रूप छापखान्यात चूक समजून दुरुस्त होण्याचा धोका खराच असतो. म्हणून क्षमायाचना जाते आणि तिच्या जागी सूचना येते. विषय तोच, लेखक मात्र याचकाच्या जागेवरून उठून लेखकाच्या जागी बसतो.

आज कथा संगणकावरून जाते. पाकीट व तिकिटे गेली, पानांऐवजी शब्दसंख्या आली, बाकीची वाक्ये तशीच उपयोगी आहेत. सरहद्दीचा इतिहास या पत्रातून पुसला गेला, असेही नव्हे. भालकीच्या एकाच घराचा पत्ता १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, पुढे म्हैसूर राज्य आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक असा लिहिला गेला. पत्त्याची ती एक ओळ संपादकास जेवढे सांगावयाचे तेवढे सांगते.