ग्रास-फेड की ग्रेन-फेड? बीफच्या लेबलामागचे वास्तव

आखातात किंवा युरोपात राहणाऱ्या गोमंतकीयांना तेथील सुपरमार्केटच्या थंड कपाटात बीफच्या दोन प्रकारच्या पाकिटांमधून निवड करावी लागते. एकावर ‘ग्रास-फेड’, म्हणजे गवतावर पोसलेले, असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर ‘ग्रेन-फेड’, म्हणजे धान्यावर पोसलेले. पहिल्याची किंमत अनेकदा अधिक असते आणि ते आरोग्यदायी आहे, असेही सांगितले जाते. या दाव्यात तथ्य आहे; मात्र ते किती आहे, हे तपासण्याजोगे आहे.

फरक शेवटच्या काही महिन्यांचा

धान्यावर पोसलेली जनावरे जन्मापासून धान्यच खातात, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील मांसासाठी वाढवलेले वासरू सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत आईच्या दुधावर आणि कुरणातील गवतावर वाढते. दूध तोडल्यानंतरही बहुतेक वासरे काही काळ चराऊ रानातच असतात. त्यानंतर त्यांना ‘फीडलॉट’ नावाच्या बंदिस्त गोठ्यांत आणले जाते आणि साधारण चार ते सहा महिने मुख्यतः मका व इतर धान्याचा खुराक दिला जातो. या काळात वजन झपाट्याने वाढते आणि स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेषा साठतात. केवळ गवतावर वाढणाऱ्या जनावराला त्याच वजनापर्यंत पोहोचण्यास अधिक महिने लागतात आणि अधिक जमीनही लागते. ग्रास-फेड मांस महाग असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

म्हणूनच ‘जनावराने गवत खाल्ले का?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असते. खरा प्रश्न ‘शेवटचे काही महिने त्याने काय खाल्ले?’ हा आहे. चरबीची घडण आणि चव मुख्यतः त्यावर ठरते. इंग्रजीत यासाठी ‘ग्रास-फिनिश्ड’, म्हणजे अखेरपर्यंत गवतावर ठेवलेले, असा वेगळा शब्द वापरला जातो.

चरबीत नेमके काय बदलते?

हिरव्या गवतात ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, तर मक्यात ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असते. मात्र रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू यांतील बहुतांश आम्लांचे संपृक्त चरबीत रूपांतर करतात. त्यातून वाचलेला थोडासा अंशच मांसापर्यंत पोहोचतो. त्यामुळे आहार पूर्णपणे बदलला, तरी मांसातील फरक मर्यादितच राहतो.

या फरकाची जाहिरात बहुधा गुणोत्तराच्या रूपात होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विविध अभ्यासांची सरासरी काढण्यात आली. त्यात ओमेगा-६ चे प्रमाण ओमेगा-३ च्या तुलनेत ग्रास-फेड मांसात सुमारे दीडपट, तर ग्रेन-फेड मांसात साडेसात पटींहून अधिक आढळले. हा फरक पाचपट आहे आणि ऐकायला मोठा वाटतो.

प्रत्यक्ष वजन पाहिले की चित्र बदलते. १०० ग्रॅम ग्रास-फेड खिम्यात ओमेगा-३ गटातील आम्ले साधारण ८० ते ९० मिलिग्रॅम असतात. एक लहान चमचा जवसाच्या पुडीत यांपैकी अल्फा-लिनोलेनिक आम्लच सुमारे ५०० मिलिग्रॅम असते. म्हणजे जवसाच्या चटणीचा एक चमचा अर्धा किलोहून अधिक ग्रास-फेड खिम्याची बरोबरी करतो. शरीराला थेट उपयोगी पडणारी लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले हवी असतील, तर तारले किंवा बांगडा हा कितीतरी समृद्ध स्रोत आहे. ओमेगा-३ साठी जादा पैसे मोजून बीफ घेणे फारसे हिताचे ठरत नाही.

संपृक्त चरबीबाबतही असेच आहे. चरबीतील तिचे एकूण प्रमाण दोन्ही प्रकारांत फारसे वेगळे नसते. तिची जात मात्र बदलते. गवतावरील मांसात कोलेस्टेरॉलवर फारसा परिणाम न करणारे स्टिअरिक आम्ल अधिक असते. धान्यावरील मांसात ऑलिव्ह तेलातही आढळणारे ओलेइक आम्ल अधिक असते. ग्रास-फेड मांस सहसा कमी चरबीचे असते, हा फरक खरा आहे. परंतु ग्रेन-फेड जनावराचा कमी चरबीचा भाग निवडूनही तो बऱ्याच अंशी साधता येतो.

चवीतील फरक अधिक ठळक

जिभेला जाणवणारा फरक मात्र स्पष्ट असतो. ओलेइक आम्लाने समृद्ध असलेली ग्रेन-फेड चरबी कमी तापमानाला वितळते आणि लोण्यासारखा, किंचित गोडसर स्वाद देते. ग्रास-फेड मांस शिजताना लिनोलेनिक आम्ल विघटित होऊन वेगळा वास तयार होतो. हिरव्या चाऱ्यामुळे पोटात तयार होणाऱ्या स्कॅटोलसारख्या संयुगांचाही त्यात वाटा असतो. हा वास कोणाला ‘रानटी’, तर कोणाला ‘अस्सल’ वाटतो. चवीच्या चाचण्यांत अमेरिकी खवय्यांचा कल सहसा ग्रेन-फेड मांसाकडे दिसतो, तर गवतावरील मांसाची सवय असलेल्या देशांत तेच अधिक पसंत केले जाते. येथे श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नसून प्रश्न सवयीचा आहे.

चरबी कमी असल्याने ग्रास-फेड तुकडा तव्यावर लवकर शिजतो आणि क्षणभर दुर्लक्ष झाले तरी कोरडा पडतो. त्यामुळे आच मध्यम ठेवून तो नेहमीपेक्षा थोडा आधी उतरवणे योग्य.

त्याची चरबी गवतातील बीटा-कॅरोटिनमुळे पिवळसर असते. मात्र रंग हा पुरावा नव्हे. जर्सीसारख्या जातींची आणि वयस्क जनावरांची चरबीही पिवळी असू शकते.

लेबल काय सांगते, काय सांगत नाही?

अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये ग्रास-फेडसाठी ऐच्छिक मानक जाहीर केले. त्यानुसार दूध तोडल्यानंतर जनावराला आयुष्यभर फक्त गवत व चारा द्यायचा होता आणि चराईच्या हंगामात कुरण खुले ठेवायचे होते. जानेवारी २०१६ मध्ये हे मानक मागे घेण्यात आले. त्यानंतर लेबलाला मंजुरी मुख्यतः उत्पादकाने सादर केलेल्या कागदपत्रांच्या आधारे मिळते. काही खासगी संस्था स्वतंत्र तपासणी करून प्रमाणपत्र देतात आणि त्यांचे निकष सहसा अधिक कडक असतात.

‘ग्रास-फेड’ हा शब्द आहाराविषयी आहे. जनावर मोकळ्या रानात होते की गोठ्यात वाळलेले गवत खात होते, त्याला संप्रेरके किंवा प्रतिजैविके दिली होती का, ते सेंद्रिय होते का, हे त्यातून कळत नाही. यातील प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा दावा लिहिलेला असावा लागतो. ‘ग्रेन-फेड’ हाही गुणवत्तेवरचा ठपका नाही. ऑस्ट्रेलियात ती निश्चित व्याख्या असलेली व्यापारी श्रेणी आहे आणि तिच्यासाठी धान्याच्या खुराकाचे किमान दिवस ठरलेले आहेत.

भारतातून निर्यात होणारे ‘बीफ’ प्रामुख्याने म्हशीचे मांस असते आणि ही जनावरे सहसा चराई, कडबा व पेंडीवर वाढतात. त्यामुळे अमेरिकी फीडलॉटशी केलेली तुलना त्यांना जशीच्या तशी लागू होत नाही.

परदेशात पाकीट उचलताना तीन गोष्टी पाहाव्यात. ‘१०० टक्के’ किंवा ‘ग्रास-फिनिश्ड’ असे स्पष्ट लिहिले आहे का? तपासणी करणाऱ्या संस्थेची खूण आहे का? संप्रेरके व प्रतिजैविकांचा वेगळा उल्लेख आहे का? हे काही नसेल, तर जास्तीची किंमत केवळ एका शब्दासाठी मोजली जाण्याची शक्यता अधिक असते.