टी-चाचणीची निवड : एकनमुना, जोडीची आणि दोन नमुन्यांची

टी-चाचणी ही सरासरीविषयीचा दावा थोड्या निरीक्षणांवरून पारखण्याची संख्याशास्त्रीय पद्धत आहे. तिची तीन रूपे महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत वारंवार लागतात. एकनमुना चाचणीत एका गटाची सरासरी आधीच ठरलेल्या आकड्याशी ताडतात. जोडीच्या चाचणीत त्याच व्यक्तींच्या किंवा वस्तूंच्या दोन मोजण्यांमधील फरक तपासतात. दोन नमुन्यांच्या चाचणीत एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गटांच्या सरासऱ्या ताडल्या जातात. कोणते रूप घ्यायचे हे आकडे पाहून ठरत नाही, ते आकडे कसे गोळा झाले यावरून ठरते. दोन स्तंभांत दहा-दहा आकडे असलेला तक्ता जोडीचाही असू शकतो आणि स्वतंत्र गटांचाही. नुसता तक्ता हातात असेल, तर हा निर्णय अनुभवी संख्याशास्त्रज्ञालाही करता येत नाही.

या निवडीसाठी सर्वांत बोलके उदाहरण टी-चाचणीच्या मूळ लेखातच आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकात हा लेख लिहिला. त्यात कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी वापरली होती. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी देऊन, औषधाविना येणाऱ्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली, हे नोंदले होते. हीच आकडेवारी आज `R` या संगणकप्रणालीत `sleep` या नावाने आयती मिळते. खाली `a` म्हणजे पहिले औषध आणि `b` म्हणजे दुसरे. रुग्णांचा क्रम दोन्ही ओळींत तोच आहे.

```
a <- c(0.7,-1.6,-0.2,-1.2,-0.1,3.4,3.7,0.8,0.0,2.0)
b <- c(1.9,0.8,1.1,0.1,-0.1,4.4,5.5,1.6,4.6,3.4)
t.test(a, mu = 0)
t.test(b, a, paired = TRUE)
t.test(b, a)
```

शेवटच्या तीन आज्ञा म्हणजे अनुक्रमे एकनमुना, जोडीची आणि दोन नमुन्यांची चाचणी. तिन्ही आज्ञा बिनतक्रार चालतात आणि प्रत्येक वेळी उत्तर येते. आपण विचारलेला प्रश्न या आकडेवारीला शोभतो की नाही, हे प्रणाली सांगत नाही.

एकनमुना चाचणीचा प्रश्न असा : पहिल्या औषधाने झोप खरोखर वाढते का? येथे तुलनेचा आकडा शून्य आहे आणि तो आकडेवारीच्या बाहेरून आलेला आहे. औषधाचा परिणाम नसेल, तर वाढ शून्यच असायला हवी. दहा रुग्णांची सरासरी वाढ ०.७५ तास आणि प्रमाण विचलन १.७९ तास आहे. प्रमाण विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.५७ ही प्रमाण त्रुटी मिळते. सरासरीला तिने भागले की टी येतो १.३३. निरीक्षणे दहा असल्याने स्वातंत्र्याची मात्रा, म्हणजे पडद्यावर दिसणारी `df`, नऊ आहे. तिच्यासाठी पाच टक्के पातळीवरची सीमा २.२६२ आहे. म्हणजे पहिल्या औषधाबद्दल या आकड्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही. पिशवीवर छापलेले ५०० मिलिलिटर, एखाद्या मानकाने घालून दिलेली मर्यादा, सिद्धांतातून निघालेले मूल्य हे या चाचणीत बसणारे आकडे आहेत.

दुसऱ्या गटाची सरासरी मात्र यात बसत नाही. समजा, दुसऱ्या औषधाची सरासरी २.३३ घेऊन ती पहिल्याच्या ०.७५ या ‘ठरलेल्या’ आकड्याशी ताडली, तर टी २.५० येतो आणि सीमा ओलांडतो. हा निष्कर्ष अवैध आहे. ०.७५ हा आकडाही दहाच रुग्णांवरून आलेला आहे आणि त्याची स्वतःची त्रुटी आहे. त्याला पक्के मूल्य मानले की ती त्रुटी हिशेबातून गायब होते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ‘मागच्या वर्षीच्या वर्गाची सरासरी’ अशा प्रकारे घुसते, तेव्हा नेमकी हीच चूक होते.

दोन औषधांची तुलना करायची असेल तर जोडीची आणि दोन नमुन्यांची, अशा दोन चाचण्या समोर येतात आणि खरा गोंधळ इथेच होतो. प्रश्न एकच विचारायचा : पहिल्या स्तंभातल्या प्रत्येक आकड्याला दुसऱ्या स्तंभात त्याचा स्वतःचा, एकमेव जोडीदार आहे का? झोपेच्या आकडेवारीत आहे. सहाव्या रुग्णाला पहिल्या औषधाने ३.४ आणि दुसऱ्याने ४.४ तास जास्त झोप लागली. सातव्याला ३.७ आणि ५.५. चौथ्याची झोप पहिल्या औषधाने १.२ तास घटली, दुसऱ्याने जेमतेम ०.१ तास वाढली. ज्याला एका औषधाचा गुण येतो त्याला बहुधा दुसऱ्याचाही येतो. दोन्ही स्तंभांतला सहसंबंध गुणक सुमारे ०.८० आहे, म्हणजे बराच मोठा.

जोडीची चाचणी प्रत्येक रुग्णासाठी एक वजाबाकी करते : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. इथून पुढे मूळ दोन स्तंभांची गरज राहत नाही. या दहा फरकांवर शून्याशी तुलना करणारी एकनमुना चाचणी लावणे, हीच जोडीची चाचणी. फरकांची सरासरी १.५८ तास, प्रमाण विचलन १.२३ आणि टी ४.०६. पी-मूल्य ०.००३ च्या आसपास येते. दुसरे औषध जास्त झोप आणते, असे म्हणायला हा पुरावा भक्कम आहे.

आता हेच आकडे वीस वेगवेगळ्या रुग्णांचे मानून दोन नमुन्यांची चाचणी लावली, तर सरासऱ्यांमधला फरक तोच १.५८ राहतो, पण टी १.८६ वर येतो आणि पी-मूल्य ०.०७९ होते. माणसामाणसांतल्या झोपेच्या फरकाने औषधांमधला फरक झाकला जातो. जोडीच्या वजाबाकीत माणसामाणसांतला फरक आपोआप छाटला जातो, कारण प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. ही छाटणी फुकट मिळत नाही. स्वातंत्र्याची मात्रा १८ वरून ९ वर उतरते. सहसंबंध चांगला असेल तर हा तोटा किरकोळ ठरतो. सहसंबंध शून्याजवळ असेल तर जोड्यांचा फायदा उरत नाही. तरीही आकडेवारी जोडीने घेतली असेल तर चाचणी जोडीचीच लावावी, कारण रचना आधी ठरते आणि सहसंबंध मागाहून दिसतो.

उलट चूक जास्त घातक आहे. दोन तुकड्यांतले दहा-दहा वेगवेगळे विद्यार्थी घेतले, दोन्ही स्तंभांची लांबी सारखी निघाली, म्हणून जोडीची चाचणी लावली, असे होते. अशा वेळी कोणाच्या समोर कोण बसतो हे निव्वळ टंकलेखनाच्या क्रमावर अवलंबून असते. झोपेच्या आकडेवारीतच दुसरा स्तंभ खालून वर उलटा लिहिला, तर सरासऱ्या तशाच राहतात, पण जोडीच्या चाचणीचा टी ४.०६ वरून १.४० वर येतो. दोन नमुन्यांच्या चाचणीचा टी यत्किंचितही हलत नाही. शंका असेल तिथे हीच कसोटी लावावी : एक स्तंभ मनातल्या मनात उलटसुलट करून पाहावा. तसे केल्याने खरी माहिती नष्ट होत असेल तर आकडेवारी जोडीची, काहीच बिघडत नसेल तर स्वतंत्र. आधीची आणि नंतरची परीक्षा, एकाच झाडाची दोन पाने, जुळी भावंडे, एकच नमुना दोन उपकरणांवर मोजणे हे सारे जोडीत येते. दोन गटांना वेगवेगळ्या पद्धतीने शिकवून दोघांचीही आधी-नंतर परीक्षा घेतली असेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याची वाढ काढावी आणि त्या वाढींवर दोन नमुन्यांची चाचणी लावावी. प्रत्येक गटाची वेगळी जोडीची चाचणी करून ‘एकात फरक आला, दुसऱ्यात आला नाही’ असे लिहिल्याने दोन पद्धतींमधला फरक सिद्ध होत नाही.

दोन नमुन्यांच्या चाचणीचेही दोन प्रकार आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांतली चाचणी दोन्ही गटांतील विचरण समान धरते. वेल्च यांची चाचणी तसे धरत नाही. `R` काही न सांगता वेल्चचीच चाचणी करते. वरच्या उदाहरणात तिने `df` १८ ऐवजी १७.७८ दाखवली आणि निष्कर्ष बदलला नाही. गटांचा आकार आणि विचरण दोन्ही वेगळे असतील, तेव्हा मात्र समान विचरणाची चाचणी दिशाभूल करू शकते. म्हणून छोट्या आकडेवारीत आधी विचरणांची एफ-चाचणी करून मग निवड करण्यापेक्षा थेट वेल्चची चाचणी घेणे बरे. एक्सेलमध्ये `T.TEST` चा शेवटचा आकडा जोडीसाठी १, समान विचरणासाठी २ आणि वेल्चसाठी ३ असा असतो. एकनमुना चाचणीसाठी तिथे वेगळा आकडाच नाही.

प्रसामान्य वितरणाची अट कशाला लागू होते, हेही निवडीबरोबर बदलते. जोडीच्या चाचणीत ती दोन स्तंभांना नव्हे, फरकांना लागू होते. दहा निरीक्षणांवर प्रसामान्यतेची औपचारिक चाचणी फारसे काही पकडत नाही. त्यापेक्षा फरकांचे ठिपके एका रेषेवर मांडून पाहावेत. झोपेच्या उदाहरणात नववा रुग्ण ४.६ वर एकटाच दूर दिसतो. त्याला वगळले तर सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर येतो, पण टी मात्र ५.६६ पर्यंत चढतो, कारण त्या एका रुग्णाने प्रमाण विचलन जवळजवळ दुप्पट केले होते. दूरचा आकडा नेहमी निष्कर्ष फुगवतोच असे नाही, कधी कधी तो पुरावा झाकतो. तो सोयीप्रमाणे गाळू नये. नोंद तपासावी, दोन्ही उत्तरे द्यावीत आणि निष्कर्ष त्या एका आकड्यावर टेकलेला असेल तर विल्कॉक्सनच्या चिन्हांकित क्रम चाचणीनेही पडताळावे.

जोडी एकदा तुटली की ती हिशेबाने सांधता येत नाही. आधीची प्रश्नावली बारा जणांनी आणि नंतरची नऊच जणांनी भरली असेल, तर जोडीच्या चाचणीत ते नऊच राहतात. प्रश्नावली निनावी असेल, तर तेही नऊ जुळवता येत नाहीत. अशा आकडेवारीवर दोन नमुन्यांची चाचणी लावणेही काटेकोरपणे बरोबर नाही, कारण दोन्ही वेळी माणसे तीच असल्याने गट स्वतंत्र उरत नाहीत. म्हणून माहिती गोळा करण्यापूर्वीच प्रत्येक कागदावर हजेरी क्रमांक किंवा एखादा सांकेतिक अंक लिहून घ्यावा.