धनुष्याचा बाक आणि एक आकडा

एखाद्या देशात श्रीमंत व गरीब यांच्यात किती अंतर आहे, हे सांगण्यासाठी आज सर्वत्र एकच आकडा पुढे केला जातो. तो शून्य आणि एक यांच्या दरम्यान कोठेतरी असतो. तो वाढला की विषमता वाढली म्हणून चिंता व्यक्त होते आणि उतरला की समाधान मानले जाते. परंतु हा आकडा ज्या आकृतीच्या पोटातून जन्मास आला, ती आकृती मात्र फारच थोडे लोक पाहतात. आकृतीला जे दिसते ते आकड्याला दिसत नाही. हा फरक केवळ गणिताचा नाही. कोणत्या घरी काय पोचले पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

ही आकृती इ. स. 1905 मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाली. मॅक्स लोरेन्झ हा विस्कॉन्सिन विद्यापीठातील तरुण अभ्यासक त्या वेळी तिशीच्या आतच होता. संपत्तीचे केंद्रीकरण कसे मोजावे, हा त्याच्या पुढील प्रश्न होता. तत्पूर्वीची रीत अशी की, अमुक रुपयांपर्यंतचे उत्पन्न असलेले इतके लोक आणि त्यावरचे इतके, अशा पायऱ्या पाडून दोन काळांची तुलना करावयाची. या रीतीत एक उघड दोष होता. सर्वांचेच उत्पन्न दुप्पट झाले तर अनेक माणसे वरच्या पायरीवर चढलेली दिसत. वास्तविक त्यांच्या परस्परांमधील अंतराचे प्रमाण तेच राहिलेले असे. पायऱ्या स्थिर आणि माणसे मात्र सरकणारी, त्यामुळे समृद्धी वाढली की वाटणी बदलली, हे उमगत नसे.

लोरेन्झने रुपयांच्या पायऱ्याच काढून टाकल्या व दोन्ही बाजूंना शेकडेवारी घेतली. त्याची युक्ती चित्रावाचूनही समजण्यासारखी आहे. गावातील सर्व कुटुंबे एका पंगतीत बसवावी. डाव्या टोकाला सर्वांत गरीब, उजव्या टोकाला सर्वांत श्रीमंत. मग डावीकडून मोजीत जावे. पहिल्या शेकडा 20 कुटुंबांच्या वाट्याला गावाच्या एकूण उत्पन्नापैकी शेकडा किती आले? पहिल्या 40 च्या वाट्याला किती? 60 च्या? अशी प्रत्येक उत्तराची खूण चौकोनी कागदावर करीत गेले आणि त्या खुणा जोडल्या की एक रेषा तयार होते. वाटणी सर्वस्वी समान असेल तर 20 जणांना 20 आणि 40 जणांना 40 असे येऊन ती रेषा डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे सरळ जाते. वाटणी विषम असेल तर रेषेची दोन्ही टोके त्याच कोपऱ्यांत राहतात, पण मधला भाग खाली झुकतो.

लोरेन्झने स्वतःच यासाठी धनुष्याची उपमा योजली. धनुष्य जितके अधिक वाकलेले, तितके केंद्रीकरण अधिक. त्याच्या मूळ आकृतीत लोकसंख्या उभ्या बाजूस आणि संपत्ती आडव्या बाजूस असल्यामुळे बाक वरच्या अंगाला येई. आज आपण पाहतो ती मांडणी याच्या उलट आहे. उदाहरण म्हणून त्याने प्रशियातील 1892 आणि 1901 या दोन सालांच्या उत्पन्नाची धनुष्ये एकाच कागदावर काढली होती. पुढे तो रेल्वेविषयक आकडेवारीच्या सरकारी कामात गेला. त्याचे नाव त्या वक्ररेषेला मात्र कायमचे चिकटून राहिले.

एका आकड्याची सोय इटलीतून आली. कोर्रादो जिनी या संख्याशास्त्रज्ञाने 1912 मध्ये माणसामाणसांतील सरासरी अंतर मोजण्याची रीत मांडली आणि 1914 मध्ये तिचा धागा या वक्ररेषेशी जोडून दाखविला. आपल्याकडे त्याचे नाव बहुधा ‘गिनी’ असे लिहिले जाते. त्याच्या गुणांकाचा अर्थ सोपा आहे. धनुष्याची दोरी, म्हणजे समतेची सरळ रेषा, आणि धनुष्याचे वाकलेले अंग यांच्यामध्ये जी जागा सापडते, ती दोरीखालच्या संपूर्ण त्रिकोणाचा कितवा हिस्सा आहे, एवढेच तो गुणांक सांगतो. सर्वांना सारखे मिळाले तर शून्य. सर्व काही एकट्यालाच मिळाले तर लोकसंख्या मोठी असता जवळजवळ एक.

आता या सोयीसाठी काय गमवावे लागले, हे पाहावयाचे तर पाच घरांच्या दोन वाड्या डोळ्यांपुढे आणाव्यात. दोन्ही वाड्यांचे महिन्याचे एकूण उत्पन्न 1 लाख रुपये आहे. पहिल्या वाडीत चार घरांना प्रत्येकी 15 हजार मिळतात व पाचव्या घराला 40 हजार. दुसऱ्या वाडीत चार घरांना प्रत्येकी 25 हजार मिळतात, आणि पाचव्या घराला काहीच मिळत नाही. तेथे चूल पेटते ती शेजाऱ्यांच्या दयेवर.

या दोन वाड्यांचा गुणांक काढला तर दोहोंचेही उत्तर 0.20 येते. आकड्याच्या दृष्टीने दोन्ही वाड्या सारख्याच विषम आहेत. वक्ररेषा मात्र निराळेच सांगते. पहिल्या वाडीत तळच्या शेकडा 20 ना 15 मिळतात, 40 ना 30, 60 ना 45 आणि 80 ना 60. तेथून पुढे रेषा एकदम उभी चढते, म्हणजे बाक उजव्या टोकाला, श्रीमंताच्या दारी आहे. दुसऱ्या वाडीत रेषा पहिल्या 20 पर्यंत जमिनीला चिकटून राहते व त्यानंतर सरळ चढून 25, 50, 75 अशा खुणा गाठते. तेथे बाक डाव्या टोकाला, निर्धनाच्या दारी आहे. दोन्ही रेषा बरोबर मध्यावर एकमेकींना छेदतात. एक धनुष्य वरच्या टोकाशी वाकलेले, दुसरे खालच्या टोकाशी, पण दोरीआड सापडलेली जागा मात्र सारखीच.

येथेच न थांबता आणखी एक पाऊल पुढे जावे. समजा, पहिल्या वाडीतील श्रीमंत घराकडून 4 हजार घेतले व उरलेल्या चार घरांना एक-एक हजार वाटले. गुणांक 0.20 वरून 0.16 वर येतो. दुसऱ्या वाडीत चार घरांकडून एक-एक हजार घेऊन ते 4 हजार रिकाम्या घराला दिले. तेथेही गुणांक 0.16 वरच येतो. पंधरा हजारांचे सोळा हजार होणे आणि रित्या भांड्यात पहिले धान्य पडणे, या दोन गोष्टी आकड्याने एकाच मोलाच्या ठरविल्या.

याचे कारण गुणांकाच्या घडणीतच आहे. एक रुपया एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला तर गुणांक किती उतरावा, हे त्या दोघांच्या गरजेवरून ठरत नाही. पंगतीत त्यांच्यामध्ये किती पाटांचे अंतर आहे, यावरून ते ठरते. शंभरांच्या पंगतीत पन्नासाव्याकडून चाळिसाव्याला दिलेला रुपया आणि अकराव्याकडून पहिल्याला दिलेला रुपया, दोहोंचे वजन सारखेच. त्यातच बहुतेक देशांत मधल्या उत्पन्नाची माणसे दाटीने बसलेली असतात. तेथे उत्पन्नात थोडासा फरक असला तरी अनेक पाट ओलांडले जातात. म्हणून गुणांक मध्यभागी घडणाऱ्या हालचालींना चटकन प्रतिसाद देतो आणि दोन्ही टोकांशी घडणाऱ्या हालचालींना तुलनेने मंद.

दोन वाटण्यांची तुलना केव्हा निःशंकपणे करता येते, या प्रश्नाचा पाया ह्यू डाल्टन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये घातला. हाच डाल्टन पुढे 1945 ते 1947 या काळात ब्रिटनचा अर्थमंत्री होता. श्रीमंताकडून गरिबाकडे, त्यांचा क्रम न उलटता, काही रक्कम गेली तर विषमता कमी झालीच पाहिजे, असे त्याचे तत्त्व. यावर 1970 मध्ये अँथनी अ‍ॅटकिन्सन या पंचविशीतील अर्थशास्त्रज्ञाने निर्णायक लेख लिहिला. एक धनुष्य संपूर्णपणे दुसऱ्याच्या आत, म्हणजे दोरीच्या अधिक जवळ असेल, तर डाल्टनचे तत्त्व मानणारा कोणीही मनुष्य आतल्या वाटणीलाच कमी विषम म्हणेल. परंतु रेषा एकमेकींना छेदत असतील तर निकाल मोजणाऱ्याच्या मनातील तराजूवर ठरतो. तळाच्या माणसाचे दुःख ज्याला अधिक भारी वाटते तो एक उत्तर देईल, आणि शिखरावरची रास ज्याला अधिक खुपते तो दुसरे. आकडा देणारा हा तराजू दाखवीत नाही, पण तो वापरतोच.

रेषा छेदण्याचा हा प्रसंग दुर्मिळ असेल असे कोणाला वाटेल. अ‍ॅटकिन्सनने बारा देशांची उपलब्ध आकडेवारी घेतली. त्यांत भारत, सिलोन व मेक्सिको होते, तसेच ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनीही होते. बारा देशांच्या 66 जोड्या होतात. त्यांपैकी 50 जोड्यांत वक्ररेषा एकमेकींना छेदत होत्या. विकसनशील देशांत तळाशी वाटणी बरीच समान पण शिखराशी फार विषम, असा कल त्याला आढळला. म्हणजे आपली पहिली वाडी केवळ कल्पनेतली नव्हती.

भारताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पंगतीत वाढले जाते आहे ते नक्की काय? राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडील घरोघरीची मोजणी मुख्यतः खर्चाची झाली आहे, उत्पन्नाची नव्हे. शेतकऱ्याला, फेरीवाल्याला वा रोजंदारीवरील मजुराला वर्षाचे उत्पन्न सांगता येणे कठीण, पण महिन्यात किती धान्य व तेल लागले हे सांगता येते. रीत व्यवहाराला धरूनच आहे. परंतु गरीब घर कर्ज काढूनही जेवते, आणि श्रीमंत घराचे बरेचसे उत्पन्न स्वयंपाकघराकडे न वळता बचतीत जाते. त्यामुळे खर्चाचे धनुष्य उत्पन्नाच्या धनुष्याहून सहसा कमी वाकलेले दिसते.

म्हणूनच 2025 मध्ये एकाच देशाविषयी दोन परस्परविरोधी वाटणारे आकडे समोर आले. जागतिक बँकेच्या टिपणात खर्चावर आधारलेला भारताचा गुणांक 2011-12 मध्ये 0.288 होता तो 2022-23 मध्ये 0.255 वर उतरल्याचे नमूद होते. त्याच टिपणात उत्पन्नावर आधारलेला दुसऱ्या एका संशोधनसंग्रहाचा आकडाही होता. तो 2004 मधील 0.52 वरून 2023 मध्ये 0.62 वर चढलेला होता. पाहणीत विषमता वास्तवाहून कमी दिसत असण्याचा संभवही त्यात नोंदविला होता. तरीही पुष्कळांनी पहिलाच आकडा उचलला आणि उत्पन्नाचे गुणांक देणाऱ्या देशांच्या शेजारी तो ठेवून भारताचा क्रमांक लावला. एका पंगतीतील भाताची मोजणी आणि दुसऱ्या पंगतीतील कोठाराची मोजणी यांची ही तुलना होती.

तेव्हा गुणांक उतरल्याची बातमी ऐकणाऱ्याने प्रथम विचारावे की, मोजले काय, उत्पन्न की खर्च? नंतर विचारावे की, जुनी व नवी रेषा एकमेकींना छेदतात काय? आणि शेवटी, तळच्या शेकडा 20 कुटुंबांच्या वाट्याला पूर्वी किती येत होते आणि आता किती येते? हा शेवटचा आकडा वक्ररेषेवर पहिल्याच खुणेपाशी लिहिलेला असतो. दुसऱ्या वाडीतील पाचवे घर तेथेच सापडते.